‘मिनिमम’ म्हणजे नेमकं किती?

स्टीमवर कुठल्याही गेमच्या पानावर खाली खाली गेलं की शेवटी दोन रकाने दिसतात. एक ‘मिनिमम’ आणि दुसरा ‘रेकमेंडेड’. ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, डिस्कवरची जागा. ज्याच्याकडे नवा गेमिंग पीसी आहे तो हे रकाने वाचतही नाही. घरातला एकच लॅपटॉप बहिणीचा अभ्यास, वडिलांचं जीएसटी आणि आपला गेम यांत वाटून घेणारा मुलगा मात्र ते दोनदा वाचतो, कारण पैसे भरायचे की नाही हे त्याला त्यावरूनच ठरवायचं असतं.

हे रकाने गेम बनवणारा स्वतः भरतो. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी वेगवेगळ्या मशीन्सनी भरलेली चाचणीची खोली असते. एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून गेम करणाऱ्या इंडी डेव्हलपरकडे सहसा एकच मशीन असतं, आणि ते दणकट असतं, कारण त्यावर चित्रं, आवाज, एडिटर आणि गेम हे सगळं एकाच वेळी चालवायचं असतं. मग फॉर्म भरताना काय होतं? आपल्या मशीनचं कॉन्फिगरेशन ‘रेकमेंडेड’मध्ये आणि त्याच्या साधारण निम्मं ‘मिनिमम’मध्ये लिहून टाकलं जातं. हा आकडा कुणी मोजलेला नसतो. तो अंदाज असतो आणि त्या अंदाजाची किंमत गिऱ्हाईक मोजतं.

प्रामाणिक आकडा काढायचा तर सुरुवात मशीनपासून होत नाही. आधी ‘चालतो’ म्हणजे काय हे ठरवावं लागतं. गेम सुरू झाला, पडद्यावर चित्र आलं, एवढ्याला चालणं म्हणता येत नाही. किती रेझोल्यूशनवर, कुठल्या सेटिंगवर आणि सेकंदाला किती फ्रेम्सनी चालतो, ही तीनही उत्तरं एकत्र असतील तरच त्या शब्दाला अर्थ येतो. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर एक फ्रेम तयार करायला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० हव्या असतील तर ३३.३३. आळीपाळीने डाव टाकायचा गेम असेल, तर ३० चालतात. उडी मारून फळीच्या कडेवर उतरायचं असेल, तर ३० फ्रेम्सवर हात आणि डोळा यांचा मेळ बसत नाही, तिथे ६० धरल्याशिवाय गत्यंतर नाही.

पुढे एक उदाहरण धरून चालू. समजा, आपला गेम द्विमितीय आहे. कोकणातल्या पावसाळ्यात एक मुलगी गाव धुंडाळत फिरते, उड्या मारते, होडी वल्हवते. मागे डोंगरांचे थर, पुढे धुकं, वर पाऊस. डेव्हलपरने गोदो इंजिन वापरलंय आणि वचन असं ठरवलंय: मिनिमम मशीनवर, १२८० गुणिले ७२० रेझोल्यूशनला, ‘लो’ सेटिंगवर, सेकंदाला ६० फ्रेम्स. हे वाक्य त्याने गेमचा पहिला अंक होण्याआधी वहीत लिहिलंय. ते आधी का लिहायचं, हे पुढे दिसेलच.

आता मशीन कुठलं? इथे स्टीमचा हार्डवेअर सर्व्हे उपयोगी पडतो. दर महिन्याला स्टीम काही वापरकर्त्यांना विचारतं, त्यांनी होकार दिला तर त्यांच्या मशीनची माहिती घेतं आणि एकत्रित आकडे जाहीर करतं. कुठली ग्राफिक्स कार्डं किती जणांकडे आहेत, रॅम किती, पडदा केवढा, हे त्यात दिसतं. पण हा आकडा जगभरच्या स्टीम वापरणाऱ्यांचा आहे, म्हणजे ज्यांनी आधीच खेळण्यासाठी मशीन घेतलंय अशांचा भरणा त्यात जास्त. शांत, छोट्या, गोष्ट सांगणाऱ्या गेमचा खेळाडू बऱ्याचदा गेमिंगचं मशीन नसलेला असतो. म्हणून सर्व्हेतलं सर्वांत लोकप्रिय कार्ड आपलं मिनिमम धरणं चुकीचं. यादीच्या तळाशी जाऊन इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्येच बसवलेल्या, म्हणजे इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या नोंदी पाहायच्या. आपला खेळाडू तिथे आहे.

त्यातही कुठवर मागे जायचं, याला सध्या एक सोयीची रेघ मिळाली आहे. जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला, त्यामुळे स्टीमवर विकायच्या गेमपुढे ‘विंडोज ७’ लिहिण्याला अर्थच उरला नाही. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि विंडोज ११ अधिकृतपणे, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर बसतं. म्हणजे २०१७ मध्ये आलेला `i5-8250U` हा प्रोसेसर आणि त्यातलंच यूएचडी ६२० ग्राफिक्स, ही येत्या काही वर्षांसाठी जिवंत विंडोज लॅपटॉपची खालची पायरी ठरते. त्याखालीही लाखो मशीन्स चालू आहेत, हे खरं. पण एकट्या माणसाला कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि ही रेघ कारण देऊन मारता येते.

दुसरं कारण बाजाराचं. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले आठव्या पिढीचे थिंकपॅड, लॅटिट्यूड आणि एलिटबुक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि त्यांच्यासारख्या बाजारांत ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मुलांना हेच घेऊन दिले जातात. डेव्हलपरला चाचणीसाठी तो परवडतो आणि खेळाडूच्या घरीही तोच असतो. माझ्या मते इंडी डेव्हलपरने दुसरा मॉनिटर घेण्याआधी असा एक लॅपटॉप घ्यावा.

घेताना त्याचं पोट उघडून रॅम पाहून घ्यायची. किती जीबी, याइतकंच किती पट्ट्यांत, हेही महत्त्वाचं. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, प्रोसेसरची रॅमच ते वाटून घेतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच पट्टी बसवलेली असते. डीडीआर४-२४०० जातीच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती ये-जा करू शकते. ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर तीच वाट दुप्पट रुंद होते, ३८.४ जीबी. दोन्ही लॅपटॉपच्या पाटीवर ‘८ जीबी रॅम’च लिहिलेलं असतं, आणि गेममध्ये मात्र दोघांत मोठा फरक पडू शकतो. चाचणीसाठी एका पट्टीवाला घ्यायचा. दोन असतील तर एक काढून ठेवायची आणि जागेवर मोठी एकच बसवायची.

आता आपला पावसाचा गेम या लॅपटॉपवर टाकू. समजा, घरातला, अंगणातला, बाजारातला प्रसंग १२ मिलिसेकंदांत एक फ्रेम देतो. उत्तम. पण मुलगी पावसात डोंगराकडे निघाली की पूर्ण एचडीला तीच फ्रेम २७ मिलिसेकंदांवर जाते. डेव्हलपरच्या टेबलावरच्या मशीनवर हे कधी दिसलंच नव्हतं, कारण तिथे दोन्ही प्रसंग दोनतीन मिलिसेकंदांत उरकत होते.

पहिला प्रश्न: अडतंय कुठे, प्रोसेसरपाशी की ग्राफिक्सपाशी? हे ओळखण्याची सगळ्यात साधी कसोटी म्हणजे रेझोल्यूशन खाली आणणं. गोदोमध्ये ते चालवतानाच सांगता येतं:

```
game.exe --resolution 1280x720 --disable-vsync --print-fps
```

पूर्ण एचडीचे पिक्सेल २०,७३,६०० आणि ७२० चे ९,२१,६००, म्हणजे साधारण ४४ टक्के. चित्र लहान केल्यावर वेळ तेवढाच राहिला, तर पिक्सेलांचा दोष नाही. तेव्हा प्रोसेसर काहीतरी जास्त करत बसलाय असं समजावं. आपल्या उदाहरणात वेळ २७ वरून १४ वर आला असं धरू. म्हणजे रंगकामच जड आहे.

किती जड, हे कागदावर मांडता येतं. पावसाच्या प्रसंगात डोंगरांचे ३ थर, धुक्याचे २, पावसाचा १, अंधारून आल्याचा १ आणि शेवटी सगळ्या चित्राचा रंग बदलणारा १, असे ८ थर पूर्ण पडद्यावर पसरलेले आहेत आणि सगळे अर्धपारदर्शक आहेत. अर्धपारदर्शक थराचा एक पिक्सेल रंगवायचा तर थराच्या चित्रातून ४ बाइट वाचायचे, पडद्यावर आधी जे आहे त्याचे ४ बाइट वाचायचे, दोन्ही मिसळून ४ बाइट परत लिहायचे. एकूण १२ बाइट. पूर्ण एचडीला एका थराचे सुमारे २५ एमबी, सेकंदाला ६० वेळा म्हणजे दीड जीबी. ८ थरांचे १२ जीबी. प्रत्यक्षात चिपमधली कॅश यातलं काही वाचवते, पण अंदाजाला हे पुरेसं आहे. एका पट्टीची वाट १९.२ जीबीची, तीही कागदावर, आणि त्याच वाटेने प्रोसेसरचं स्वतःचं कामही जातंय. कोंडी होणारच. डेव्हलपरच्या मशीनमध्ये आरटीएक्स ३०६० असेल, तर त्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते. १२ जीबी हा तिचा तिसावा हिस्सा. तिथे हा थरांचा पसारा जाणवण्याची सोयच नाही, आणि म्हणूनच दुबळ्या मशीनला पर्याय नाही.

हिशेब हाती आला की दुरुस्तीही नेमकी करता येते. डोंगरांच्या तीनही चित्रांचा वरचा अर्धा भाग रिकामा आहे. डोळ्याला तो दिसत नसला तरी चिप तो पूर्ण ‘रंगवते’. चित्र आकारानुसार कापून घेतलं की तीन थरांचं काम दीड थरावर येतं. गोदोमध्ये स्प्राइटचं जाळीत रूपांतर करण्याची सोय नेमकी यासाठीच आहे. धुक्याचे दोन थर एकाच शेडरमध्ये मिसळून एकदाच रंगवता येतात. अंधार आणि शेवटचा रंगबदल हेही एकत्र करता येतात. आठाचे साडेचार झाले. बारा जीबीचे पावणेसात झाले, आणि ७२० वर उतरल्यावर जेमतेम तीन. आणि पाऊस अजून पडतोच आहे. खेळणाऱ्याला काही कमी झाल्याचं कळणारही नाही.

‘आधी लिहून ठेवावं’ असं म्हटलं ते यासाठी. पहिल्याच प्रसंगापासून वचन समोर असेल, तर चित्रकाराला सांगता येतं की डोंगर कापून दे. चाळीस प्रसंग रंगवून झाल्यावर हे उमगलं तर काम चाळीस पटींनी वाढतं, आणि मग माणूस काम करण्याऐवजी मिनिममचा आकडा वर नेतो. इंजिनाच्या निवडीलाही हेच लागू. गोदो ४ मध्ये चित्र काढण्याच्या तीन पद्धती आहेत. त्यातली ‘कम्पॅटिबिलिटी’ ही ओपनजीएल ३.३ वर चालते आणि जुन्या, दुबळ्या चिपांसाठीच ठेवलेली आहे. द्विमितीय गेमला सहसा ती पुरते. पण प्रकाशाचे परिणाम आणि काही शेडर दोन पद्धतींत सारखे दिसत नाहीत, त्यामुळे शेवटच्या महिन्यात पद्धत बदलणं म्हणजे निम्मी चित्रं पुन्हा तपासणं.

वर मी मिलिसेकंदांतच बोललो, फ्रेम्सच्या सरासरीत बोललो नाही, त्याला कारण आहे. एका सेकंदात ५० फ्रेम्स १४ मिलिसेकंदांच्या आल्या आणि एकच फ्रेम ३०० मिलिसेकंदांची आली, तर सरासरी ५१ फ्रेम्सची निघते. तक्त्यात ती छान दिसते. खेळणाऱ्याचा गेम मात्र मध्येच एक तृतीयांश सेकंद गोठलेला असतो आणि मुलगी दरीत पडलेली असते. म्हणून चाचणीत प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवायचा. इंटेलने खुलं केलेलं प्रेझेंटमॉन हे साधन हे काम फुकटात करतं. मग नोंदी चढत्या क्रमाने लावून सर्वांत वाईट एक टक्का फ्रेम्स पाहायच्या. मिनिमम मशीनचा आकडा या एक टक्क्यावर ठरतो. आणखी एक खाच व्ही-सिंकची. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली, तर तिची पाळी हुकते आणि साध्या व्ही-सिंकमध्ये ती थेट ३३ व्या मिलिसेकंदाला दिसते. अवघ्या एक तृतीयांश मिलिसेकंदाच्या उशिराने गेम गचके खाऊ लागतो. तेव्हा लक्ष्य १६.६७ चं असलं तरी चाचणीत १२-१३ च्या आत राहायचं.

ती मोजणी किती वेळ करायची, याचं उत्तर लॅपटॉपच्या उष्णतेत आहे. `i5-8250U` ची ठरलेली शक्ती १५ वॉट आहे. सुरुवातीला, साधारण अर्धा मिनिट, तो त्याहून बरीच जास्त वीज खाऊन ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो. मग मर्यादा लागू होते आणि वेग उतरतो. लॅपटॉपगणिक हा काळ कमीजास्त असतो. शिवाय ते १५ वॉट प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांचे मिळून आहेत, एकाने जास्त घेतले की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतात. त्यामुळे गेम उघडून एक फेरी मारली, साठ फ्रेम्स दिसल्या आणि लॅपटॉप मिटला, ही चाचणीच नव्हे. जड प्रसंगात अर्धा तास गेम चालू ठेवायचा आणि शेवटच्या दहा मिनिटांचे आकडे धरायचे. एसीतल्या खोलीत धरलेले आकडेही पुरेसे नाहीत. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या घरात असतो. चिप १०० अंशांवर स्वतःचा वेग कापू लागते, आणि भोवतालची हवाच तापलेली असेल तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. जुन्या लॅपटॉपच्या पंख्यात धूळ साठलेली असते, ती चाचणीआधी साफ करू नये. खेळाडूच्या घरी ती तशीच असणार. यावर एक उपाय गेममध्येच करता येतो. फ्रेम्सना ६० ची कमाल मर्यादा घालायची आणि ३० चा पर्याय सेटिंगमध्ये द्यायचा. मेनूच्या स्थिर चित्रावर सेकंदाला तीनशे फ्रेम्स काढून चिप तापवण्यात कुणाचाच फायदा नाही.

चार्जर काढून एक फेरी नक्की घ्यावी. बॅटरीवर विंडोज वेग आणखी उतरवतं आणि घरोघरी लॅपटॉप पलंगावर, चार्जरविनाच खेळला जातो.

यानंतरची चाचणी वेगाची नाही, कोरेपणाची आहे. डेव्हलपरच्या मशीनवर वर्षानुवर्षांचं सामान साठलेलं असतं, त्यामुळे गेममध्ये काय बांधायचं राहिलंय हे तिथे कळत नाही. चाचणीच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने घालायचं आणि खेळाडू करेल तसाच गेम डाउनलोड करून उघडायचा. मग कधी `VCRUNTIME140.dll was not found` असा निरोप येतो, कारण मायक्रोसॉफ्टची ती लायब्ररी डेव्हलपरच्या मशीनवर केव्हाचीच होती आणि इथे नाही. कधी पहिली वीज चमकते आणि गेम अडकतो. त्या विजेचा शेडर या चिपसाठी पहिल्यांदाच तयार होत असतो. दुसऱ्या विजेला अडकत नाही, कारण तयार शेडर साठवून ठेवलेला असतो. डेव्हलपरने ती वीज हजार वेळा पाहिलेली, त्यामुळे त्याला हा अडथळा दिसतच नाही. तो पाहायचा तर शेडरची साठवण दर वेळी पुसून चाचणी करावी लागते, आणि उपाय म्हणजे पहिल्या पडद्यामागेच सगळे शेडर एकदा काढून घेणं. जाता जाता एक आपल्याकडची चाचणी: विंडोजच्या वापरकर्त्याचं नाव देवनागरीत ठेवून पाहा. घराच्या फोल्डरचं नाव ‘प्राजक्ता’ असेल तर सेव्ह फाइल लिहिताना बिथरणारे प्रोग्राम आजही सापडतात.

रॅमबद्दलही एक गैरसमज दूर व्हायला हवा. मिनिममच्या रकान्यात ‘८ जीबी रॅम’ लिहिलं तर वाचणारा आपल्या मशीनची एकूण रॅम पाहतो. त्यातली मोठी रॅम विंडोज घेतं, उघडं राहिलेलं ब्राउझर घेतं, इंटिग्रेटेड ग्राफिक्स घेतं. गेमच्या वाट्याला तीनेक जीबी आली तरी पुष्कळ. त्यामुळे चाचणी करताना ब्राउझरचे दहा टॅब आणि व्हॉट्सॲप मुद्दाम उघडे ठेवायचे. जागा संपली की विंडोज डिस्कवर सामान हलवू लागतं, आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर गेम सेकंद-सेकंद थांबतो. हार्ड डिस्कवर चाचणी केली नसेल, तर रकान्यात ‘एसएसडी आवश्यक’ असं स्पष्ट लिहिणं चांगलं. गिऱ्हाईक त्याने दुखावत नाही.

दुबळा लॅपटॉप विकत न घेता दणकट मशीनलाच दुबळं करता येणार नाही का? थोडंफार येतं. विंडोजच्या `msconfig` मध्ये किती कोअर आणि किती मेमरी वापरायची याची मर्यादा घालता येते. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरचा कमाल वेग टक्क्यांत बांधता येतो. रॅमचा तुटवडा किंवा प्रोसेसरवरचा ताण यांचा पहिला अंदाज यावरून मिळतो. पण अरुंद मेमरी, वाटून घेतलेले १५ वॉट आणि इंटेलचा तीन वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर या तिन्ही गोष्टी अशा सोंगात उतरत नाहीत, आणि पावसाच्या प्रसंगात आपल्याला त्यांनीच तर अडवलं होतं.

चाचण्या झाल्या, आता रकाना लिहायचा. इथे सर्वांत जास्त नुकसान मोघम शब्द करतात. ‘इंटेल i5 किंवा त्याहून चांगला’ या शब्दांत २०१० च्या आसपासच्या प्रोसेसरपासून पुढच्या दहाबारा पिढ्या बसतात. ‘२ जीबी ग्राफिक्स कार्ड’ यात जीटी ७१० बसतं आणि जीटीएक्स १०५० ही बसतं. दोन्ही २०१६ ची, दोन्हींच्या खोक्यावर २ जीबी, आणि ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. पूर्ण नाव दिलं तरी कधीकधी पुरत नाही. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आलं, तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने साध्या डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं, त्याचा वेग १६.८ जीबी. नाव तेच, वाट एक तृतीयांश. दुकानात गिऱ्हाईकाला हा फरक सांगणारा माणूस भेटेलच असं नाही, म्हणून तो रकान्यातच लिहायला हवा.

आपल्या पावसाच्या गेमचा रकाना मग असा होईल: विंडोज १० किंवा ११, ६४ बिट. प्रोसेसर `i5-8250U`. रॅम ८ जीबी. ग्राफिक्स यूएचडी ६२०. एसएसडी. आणि स्टीमवर खाली ‘अतिरिक्त टिपा’ म्हणून जी जागा असते तिथे: ‘वरच्या मशीनवर, रॅमची एकच पट्टी असताना, १२८०×७२० रेझोल्यूशन आणि लो सेटिंगवर ६० फ्रेम्स मिळतात. एएमडीच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर चाचणी केलेली नाही.’ हे शेवटचं वाक्य लिहायला डेव्हलपर बिचकतात. मला ते सगळ्या रकान्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ‘समतुल्य एएमडी’ असं लिहून मोकळं होणं म्हणजे न केलेल्या चाचणीचा दाखला देणं.

सगळं करूनही वचन पुरं होत नाही असंही घडतं. तेव्हा आकडा वर न्यावा, आणि तो विक्री सुरू होण्याआधी न्यावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ हा शहर वसवण्याचा गेम येण्याआधी त्याच्या फिनलंडच्या कंपनीने किमान आणि शिफारस केलेलं कॉन्फिगरेशन वाढवलं आणि ठरवलेला वेग आपल्याला गाठता आलेला नाही, हेही जाहीर सांगितलं. गेम बाजारात आल्यावर टीका झालीच. गेममधल्या माणसांचे दूरून पाहण्याजोगे हलके नमुने केलेलेच नव्हते, कुणाला दिसणार नाहीत असे दातसुद्धा पूर्ण तपशिलाने रंगवले जात होते, हे नंतर पुढे आलं. पण आकडा आधी वाढवल्यामुळे ज्याने पान वाचलं त्याला निदान काय घेतोय हे ठाऊक होतं.

एका लॅपटॉपवरची चाचणी म्हणजे सगळ्या लॅपटॉपवरची चाचणी नव्हे, ही या सगळ्याची मर्यादा आहे. म्हणून समंजस डेव्हलपर विक्रीआधी फुकट डेमो ठेवतो किंवा स्टीमच्या प्लेटेस्टमधून थोड्या लोकांना गेम देतो, आणि त्यांची परवानगी घेऊन चिपचं नाव, रॅम आणि फ्रेमचा वेळ एवढंच परत मागवतो. इथे त्याला खरी गरज दणकट मशीनवाल्यांची नसते, तुमची असते. तुमच्याकडे सातआठ वर्षांचा लॅपटॉप असेल आणि एखाद्या छोट्या गेमचा डेमो त्यावर अडखळला, तर तो नुसता काढून टाकू नका. विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबा, `dxdiag` टाइप करा, ‘Save All Information’ म्हणा. जी फाइल तयार होईल ती उघडून त्यातलं मशीनचं नाव आधी खोडा आणि कुठल्या प्रसंगात, किती वेळाने गेम अडखळला हे दोन ओळींत लिहून तिच्यासोबत डेव्हलपरला पाठवा. पैसे देण्याआधी स्टीमवरचा परतीचा नियमही लक्षात असू द्या: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांत सर्वांत जड प्रसंग अर्धा तास चालवून पाहा, आणि तोही चार्जर काढून.